कोपऱ्यावर आणि गोलाईवर पायपिंगचा गोळा होतो: कारण कुठे असतं आणि दुरुस्ती कशी करायची

कुशन कव्हरच्या चारही सरळ बाजूंना पायपिंग अगदी रेषेत बसते, पण कव्हर सुलटं केलं की कोपरे जाड आणि बोथट दिसतात. बोटाने दाबलं तर आत काहीतरी कोंबल्यासारखं लागतं. बहुतेक जण दोष दोरीला देतात आणि पुढच्या वेळी बारीक दोरी आणतात. तरीही गोळा होतोच, कारण तो दोरीचा नसतो. तो आत दुमडलेल्या मायेचा असतो, आणि माया तिथे किती जास्त झाली आहे हे साध्या हिशोबाने आधीच काढता येतं.

खालचं उदाहरण १६ इंची चौकोनी कुशन कव्हरचं आहे: मध्यम जाडीचं सुती कापड, ५ मिमी जाडीची सुती दोरी आणि अर्धा इंच, म्हणजे साधारण १२ मिमी माया. ब्लाऊजच्या गळ्याचं गणित याच्या बरोबर उलटं असतं, त्यामुळे ते शेवटी वेगळं घेतलं आहे.

आधी गोळा ओळखा

कव्हर उलटं करण्याआधी फुगलेली जागा चिमटीत धरून चोळा. आत मऊ थर एकमेकांवर सरकत असतील तर ती माया आहे. वाटाण्यासारखी टणक गाठ लागली आणि ती कोपऱ्यात नसून बाजूवर कुठेतरी असली, तर तो सांधा आहे: एकतर दोरीची टोकं एकमेकांवर चढली आहेत, नाहीतर पट्टीचा जोड सरळ आडवा घातला आहे. गोळा नसून पायपिंगवर पिळासारख्या तिरक्या सुरकुत्या असतील, तर पट्टी उरेब कापलेली नाही किंवा शिवताना ती ओढली गेली आहे. आणि नवीन असताना छान असलेलं कव्हर पहिल्या धुण्यानंतर सगळीकडून चुण्या पडल्यासारखं आकसलं, तर दोरी आटली आहे. यावर नंतर काही करता येत नाही, दोरी बदलावीच लागते.

कोपऱ्यात माया कुठून जास्त होते

समजा कोपरा गोल केला आहे आणि शिलाईच्या रेषेवर त्याची त्रिज्या २८ मिमी आहे. त्या पाव वर्तुळात शिलाईची लांबी ४४ मिमी भरते. माया शिलाईच्या बाहेर १२ मिमी असल्यामुळे कापडाची कड ४० मिमी त्रिज्येवर येते, आणि तिची लांबी होते ६३ मिमी. आता कव्हर सुलटं केलं. बाहेर असलेली माया आत गेली, म्हणजे तीच कड आता १६ मिमी त्रिज्येच्या जागेत बसायला हवी. तिथे जागा आहे फक्त २५ मिमी. म्हणजे ६३ मिमी कापड २५ मिमीत कोंबलं जातं. पुढच्या भागाचं तसंच, मागच्या भागाचंही तसंच. मध्ये पायपिंगच्या पट्टीचे दोन थर आणखी. गोळा न होता तरच नवल!

माया ५ मिमीपर्यंत छाटली तर काय होतं? बाहेरची कड ५२ मिमी राहते आणि आत जागा ३६ मिमी मिळते. जादा कापड ३८ वरून १६ मिमीवर आलं, आणि ते चार-पाच त्रिकोणी कट मारून सहज काढून टाकता येतं. कोपरे नीट बसवण्यातलं निम्मं काम या एका छाटणीत आहे, आणि घाईत नेमकी तीच राहून जाते.

शिवून झालेल्या कव्हरची दुरुस्ती

मऊ गोळा असेल तर शिलाई उसवायची गरज नाही. कव्हर उलटं करा आणि कोपऱ्यापाशी चारही थर बोटांनी वेगळे करा. कापायच्या आधी शिलाईच्या अगदी लगत, मायेच्या बाजूने, बारीक टाक्याची आणखी एक टीप कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना इंचभर मारून घ्या. माया कमी झाली की शिलाईवर ताण येतो आणि कापडाचे धागे सुटू लागतात, म्हणून ही दुसरी टीप.

मग थर एकाच लांबीला न कापता पायरीपायरीने कापा. पायपिंगच्या पट्टीचे दोन थर सगळ्यात लहान, एक ३ मिमी आणि दुसरा ४ मिमी. मागच्या भागाची माया ५ मिमी. पुढच्या भागाची ६ ते ७ मिमी, कारण बाहेरून दिसणाऱ्या कापडाला टेकून तीच राहते, आणि सर्वांत लांब थर तिथे असला की आतल्या पायऱ्यांचा वळ बाहेर उमटत नाही. सगळे थर एकदम एका रेषेत कापले तर गोळा जातो, पण त्या जागी एक कडक कड तयार होते आणि इस्त्री केल्यावर ती पुढून ठळक दिसते.

शेवटी पुढच्या आणि मागच्या मायेत त्रिकोणी कट मारा. एका कोपऱ्याला चार ते पाच, आणि टोक शिलाईपासून दीड-दोन मिमी अलीकडे थांबलेलं. पुढच्या थराचे कट आणि मागच्या थराचे कट एकाखाली एक येऊ देऊ नका, थोडे सरकवून मारा. कव्हर सुलटं करून कोपरा बोटाने आतून फिरवा. सुरीचं किंवा कात्रीचं टोक वापरू नका, कारण आता तिथे माया कमी आहे आणि टोक थेट शिलाईतून बाहेर येतं. लाकडी चमच्याचं गोल टोक चालतं.

खणासारखं किंवा ब्रोकेडसारखं धागे सुटणारं कापड असेल तर ५ मिमीच्या खाली जाऊ नका. तिथे थोडा जाडपणा पत्करावा लागतो. तो नको असेल तर पुढच्या वेळी कापायच्या आधीच कोपऱ्यांच्या उलट बाजूला पातळ फ्युजिंग लावून घ्यावं.

नव्याने करताना: दोरी आणि पट्टी

दोरी दुकानात ज्या नंबराने मिळते तो नंबर प्रत्येक ठिकाणी सारख्याच जाडीचा असेल असं धरू नका. ती मोजपट्टीवर शेजारी शेजारी दहा वेढे घेऊन मोजा आणि येईल त्या मापाला दहाने भागा. सुती दोरी कापायच्या आधी गरम पाण्यात अर्धा तास भिजवून, न पिळता, सैल पसरून पूर्ण वाळवा. पट्टीचं कापडही धुऊन घ्या. नायलॉनची दोरी आटत नाही, पण ती पट्टीच्या आत सरकते आणि गरम इस्त्रीने बिघडते. कुशनला सुतीच बरी.

पट्टीची रुंदी अंदाजाने घेऊ नये. दोरीचा घेर आणि दुप्पट माया, एवढाच हिशोब. ५ मिमी दोरीचा घेर जवळपास १६ मिमी, त्यात १२ अधिक १२, म्हणजे ४० मिमी. कापड जाड असेल तर २ मिमी जास्त घ्या आणि दोरी आत बसवून झाल्यावर पट्टीची माया मोजून बरोबर १२ मिमीवर छाटा. हे छाटणं महत्त्वाचं आहे. पायपिंगची माया आणि कव्हरची माया सारखी असली की दोन कडा जुळवत शिवत जाता येतं, रेषा आखावी लागत नाही. पायपिंग मध्येच आत-बाहेर नागमोडी जाते ती बहुतेक वेळा इथल्या आळसामुळे.

पट्टी ४५ अंशांवर, खऱ्या उरेबात कापायची. उभ्या किंवा आडव्या धाग्यावर कापलेली पट्टी ताणत नाही. त्यामुळे गोलाईवर तिची बाहेरची बाजू ओढली जाते, आतली दुमडते आणि दोरीवर चुण्या दिसतात. अर्धवट तिरकी पट्टी त्याहून वाईट, कारण ती एका बाजूला पिळत जाते. खरा उरेब मिळवायला कापडाचा कोपरा असा दुमडा की आडव्या धाग्याची कड उभ्या काठावर तंतोतंत बसेल. घडीची रेष म्हणजे ४५ अंश.

कापड किती लागेल? रंग जुळवायला उरलेला छोटा चौकोन वापरावासा वाटतो, पण ३० सेंमी चौकोनातून सर्वांत लांब पट्टी ४२ सेंमीची निघते आणि बाकीच्या लहान लहान होत जातात. मग कव्हरभर सहा-सात जोड येतात, आणि प्रत्येक जोड ही गाठीची जागा. त्याऐवजी अर्धा मीटर कापड पूर्ण पन्ह्यात घ्या. त्यातून एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत ७० सेंमीच्या पट्ट्या निघतात. तीन पट्ट्या जोडल्या की दोन मीटरच्या वर पायपिंग होते. गोल कोपऱ्यांच्या १६ इंची कव्हरचा घेर साधारण १५८ सेंमी आहे. सांध्यासाठी आणि कोपऱ्यांच्या ढिलाईसाठी धरून १७५ सेंमी तयार ठेवली की काम भागतं.

पट्ट्या एकमेकींना काटकोनात ठेवून तिरक्या जोडायच्या, म्हणजे जोडाची जाडी एका जागी न साचता दोरीभोवती तिरकी पसरते. टाका बारीक, माया पाव इंच, आणि जोड लगेच इस्त्रीने उघडून दाबायचा. बाहेर डोकावणारे त्रिकोणी कान कापून टाका. न उघडता एका बाजूला पाडलेला जोड दोरीवर आला की दुरूनही दिसतो.

तीन टिपा, प्रत्येक आधीच्यापेक्षा दोरीच्या जवळ

यासाठी एका बाजूचा झिप फूट किंवा खाली खाच असलेला पायपिंग फूट लागतो. नेहमीच्या फूटने सुई दोरीच्या जवळ जातच नाही. झिप फूट वापरत असाल तर दोरी सुईच्या डावीकडे आणि फूट उजवीकडे ठेवा.

पहिली टीप पट्टीत दोरी कोंडण्यासाठी. ती दोरीपासून दीड-दोन मिमी लांब मारायची आणि टाका मोठा ठेवायचा, ४ मिमी. इथे घट्ट शिवायचा मोह टाळा. पहिलीच टीप दोरीला चिकटवली तर पुढच्या टिपा तिच्यापेक्षा आत जाऊ शकत नाहीत आणि शेवटी हीच टीप बाहेरून दिसते. शिवताना पट्टी ताणू नका, दोरी मात्र सरळ ठेवा.

दुसरी टीप पायपिंग कव्हरच्या पुढच्या भागावर, सुलट बाजूवर लावण्यासाठी. पट्टीची कड कापडाच्या कडेला जुळवलेली, दोरी आतल्या बाजूला, आणि टीप दोरीपासून १ मिमीवर. टाका ३ मिमी.

तिसरी टीप मागचा भाग वर ठेवून, सुलट बाजू आत घेऊन. आता सगळं उलटून अशा प्रकारे मशीनवर ठेवा की दुसरी टीप तुम्हाला वर दिसेल. तिच्या आत, दोरीला घासत जाणारी टीप मारा. आतली टीप खाली ठेवून अंदाजाने शिवलं की काही ठिकाणी शिलाई दोरीपासून दूर राहते आणि सुलटं केल्यावर पायपिंग तिथे पोकळ, चपटी दिसते. कित्येकदा लोक त्या चपट्या भागाशेजारच्या नीट भागालाच गोळा समजतात. म्हणून उसवण्याआधी फुगलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना टीप दोरीपासून किती लांब आहे ते पाहून घ्या.

सुती फर्निशिंगच्या कापडाला १६ नंबरची सुई घ्या. चार-पाच थरांत बारीक सुई वाकते आणि टाके सुटतात.

कोपरा वळवताना

कोपऱ्याची गोलाई आखायला बांगडी चांगली. २-४ मापाच्या बांगडीचा आतला व्यास सव्वादोन इंच, म्हणजे ५७ मिमी असतो. त्रिज्या २८ मिमीच्या थोडी वर. वरचा सगळा हिशोब याच मापाचा आहे. मात्र बांगडी शिलाईच्या रेषेवर ठेवून आखायची, कापायच्या रेषेवर नाही. कापायच्या कडेवर आखली तर १२ मिमी माया आत गेल्यावर शिलाईची त्रिज्या १६ मिमी उरते, आणि एवढ्या आखूड वळणावर ५ मिमी दोरी गुळगुळीत वळत नाही. पुठ्ठ्यावर १६ इंची चौकोन काढून कोपरे बांगडीने गोल करा, त्याच्या बाहेर सगळीकडे १२ मिमी वाढवा आणि पुठ्ठा कापा. चारही कोपरे सारखे येण्याची खात्री हा पुठ्ठाच देतो.

पायपिंग कोपऱ्याशी आली की तिच्या मायेला कट मारावे लागतात. शिवताना तिची कड ४४ मिमी लांब आहे आणि ती ६३ मिमीच्या कडेला जुळवायची आहे, म्हणजे १९ मिमी कमी पडतात. पाच कट मारले तर प्रत्येक कट चारेक मिमी उघडतो आणि पायपिंग आपसूक वळते. उरेब असल्यामुळे थोडं कापड ताणतंही. कट पहिल्या टिपेच्या २ मिमी अलीकडे थांबायला हवेत. दोनच कट मारले तर ते मोठे उघडतात, आणि कोपरा गोल न येता षटकोनासारखा टप्प्याटप्प्यांचा दिसतो. कट वळण सुरू होण्याच्या थोडं आधीपासून मारा. वळणाच्या मध्यावर पोचल्यावर मारलेल्या कटाचा उपयोग होत नाही, तोवर पायपिंग आधीच ओढली गेलेली असते.

इथे आणखी एक गोष्ट, जी सहसा कोणी सांगत नाही. शिवताना दोरी शिलाईच्या आतल्या बाजूला असते आणि सुलटं केल्यावर बाहेर येते. दोरीचा मध्य शिलाईच्या रेषेपासून साधारण ३ मिमी बाहेर जातो, त्यामुळे तिला पाव वर्तुळात जवळपास ५ मिमी जास्त लांबी लागते. ही लांबी शिवतानाच द्यावी लागते. म्हणून बाहेरच्या गोलाईवर पायपिंग कधीही ओढायची नाही. उलट, सुईच्या दिशेने बोटाने हलकेच ढकलत, वळणभर ५ मिमी ढिलाई वाटून टाकायची. ओढलेली पायपिंग सुलटी झाल्यावर आखूड पडते, कोपरा वाटीसारखा आत वळतो आणि त्याच्या बुडाशी कापड गोळा होतं. त्रिज्या कितीही घेतली तरी हा ५ मिमीचा फरक तेवढाच राहतो, फक्त मोठ्या वळणावर तो लांबवर विभागला जातो आणि जाणवत नाही. लहान वळण अवघड जातं ते एवढ्यामुळेच.

वळणावर टाका २ मिमीवर आणा, हाताने चाक फिरवत चला, आणि दर तीन-चार टाक्यांनी सुई कापडात ठेवून फूट उचला, कापड किंचित वळवा, फूट खाली. फूट न उचलता कापड ढकलत वळवलं तर वरचा थर मागे राहतो आणि खालचा पुढे पळतो.

टोकदार कोपराच हवा असेल तर ३ मिमीच्या वरची दोरी घेऊ नका. पायपिंगच्या मायेत नेमक्या कोपऱ्यावर एक कट आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर एकेक. कोपऱ्याच्या एक टाका आधी थांबा, सुई खाली ठेवून अर्धं वळा, एक तिरका टाका घ्या आणि मग उरलेलं वळा. तो एक तिरका टाका नसला तर टोकाला चिमटा बसतो आणि तिथे दोरी दबून चपटी होते. कोपऱ्यातली दोरी कापून काढण्याचा सल्ला कधी कधी दिला जातो. त्याने गोळा जातो हे खरं, पण पायपिंगही जाते. कोपऱ्यात नुसती रिकामी पट्टी लोंबते.

सांधा: जिथे टणक गाठ येते

सुरुवात आणि शेवट खालच्या बाजूच्या मध्याजवळ ठेवा, कोपऱ्यापासून निदान तीन इंच लांब. सुरुवातीची दोन इंच पायपिंग न शिवता मोकळी सोडा आणि फेरी पूर्ण करून सुरुवातीच्या जागेपासून दोन इंच आधी थांबा.

दोन्ही टोकांची पहिली टीप तीन-तीन इंच उसवा, दोरी बाजूला घ्या. उघडलेल्या पट्ट्या एकमेकींवर ठेवून पट्टीच्या रुंदीएवढी, म्हणजे ४ सेंमी, चढण ठेवा आणि जास्तीची सरळ काटकोनात कापा. मग दोन टोकं सुलट बाजू आत घेऊन काटकोनात ठेवा, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी टीप मारा. कापण्याआधी पट्टी पिळलेली नाही ना आणि लांबी बरोबर बसते ना, हे कापडावर ठेवून पाहा. माया पाव इंचावर छाटा, नखाने उघडा.

आता दोरी. दोन्ही टोकं शेजारी ठेवून, जिथे ती भेटायला हवीत तिथे सेलोटेपचा एक वेढा द्या आणि टेपच्या मधोमध धारदार कात्रीने कापा. टोकं सुटत नाहीत. टोकाला टोक भिडवा, एकमेकांवर चढवू नका. सुईदोऱ्याने दोन-तीन टाके घालून भिडलेली ठेवली तर भरताना मध्ये फट पडत नाही. टेप काढून टाका, पट्टी पुन्हा दुमडा आणि उरलेली बाजू शिवा.

दुसरी सोपी पद्धत म्हणजे एका टोकाची पट्टी सेंटिमीटरभर आत दुमडून दुसरं टोक तिच्यात घालायचं. पातळ पॉपलिनला ती चालते. जाड कापडात तिथे पट्टीचे दुप्पट थर होतात, आणि मग दोरी कितीही नीट भिडवली तरी गाठ लागतेच.

ब्लाऊजचा गळा: सगळं उलटं

गळ्याची गोलाई आतल्या बाजूची. शिवताना माया गळ्याच्या पोकळीकडे, म्हणजे लहान त्रिज्येवर असते, आणि उलटल्यावर अंगाकडे, मोठ्या त्रिज्येवर जाते. म्हणजे इथे माया जास्त होत नाही, कमी पडते. त्यामुळे गळ्यात त्रिकोणी कट मारून कापड काढायची गरज नसते, साधे सरळ कट पुरतात. ते उलटल्यावर उघडतात. कट कमी पडले तर गोळा येत नाही, पण गळा ताणून उभा राहतो आणि पायपिंगच्या खाली अंगाच्या कापडाला किरणांसारख्या सुरकुत्या येतात.

इथे दोरी २ मिमीची, पट्टी एक इंच. पट्टीची माया गळ्याच्या मायेइतकी, पाव इंच, छाटून घ्यायची. गोलाईवर दर सेंटिमीटरला कट, सरळ भागात गरज नाही. पायपिंग इथे किंचित ओढायची, कारण उलटल्यावर दोरी पोकळीच्या बाजूला, लहान वळणावर येते. पण किती? अर्धवर्तुळाकार गळ्यात हा फरक जेमतेम ४ मिमी भरतो. एवढं ओढणं बोटाला जेमतेम जाणवतं. त्याहून जास्त ओढलं की गळा आवळतो आणि खांद्याकडे चुण्या सरकतात. मुळीच ओढलं नाही तर पायपिंग गळ्याच्या तळाशी लाटेसारखी सुटी दिसते.

पानगळ्याच्या टोकावर किंवा चौकोनी गळ्याच्या कोपऱ्यावर दोन वेगवेगळे कट लागतात आणि दोन्ही आवश्यक आहेत. पायपिंगच्या मायेला एक कट, शिवायच्या वेळी, म्हणजे ती दुमडून स्वतःवर चढते आणि वळते. आणि अस्तर जोडून झाल्यावर ब्लाऊजच्या कापडाला आणि अस्तराला एक कट, थेट टोकापर्यंत, शिलाईपासून फक्त एक-दोन धागे सोडून. इथे भीतीने २-३ मिमी सोडले तर टोकातून एक सुरकुती निघते आणि ती इस्त्रीने जात नाही. त्या कोपऱ्यात कट मारण्याआधी बारीक टाक्याची दुसरी टीप मारलेली असावी.

ब्लाऊजमध्ये खरा गोळा येतो तो दोन ठिकाणी. एक, पट्टीचा जोड गळ्याच्या गोलाईवर आला तर. पट्टी जोडूनच घ्यावी लागत असेल, तर जोड खांद्याच्या शिलाईच्या थोडा मागे येईल असा मोजून लावा, बरोबर शिलाईवर नको, तिथे आधीच चार थर आहेत. दुसरी जागा हूकपट्टीची. गळ्याची पायपिंग हूकपट्टीपाशी येऊन दुमडते तेव्हा दोरीही दुमडते, आणि वरचा हूक लावताना ती गाठ सुईला अडते, हूक तिरका बसतो. पट्टी दुमडण्याआधी पायपिंगच्या टोकाची पहिली टीप अर्धा इंच उसवा, दोरी बाहेर ओढून तेवढी कापा आणि रिकामी पट्टी आत दुमडा. दोरी हूकपट्टीच्या घडीच्या रेषेवर नेमकी संपली पाहिजे. अलीकडे संपली तर गळ्याच्या टोकाला पायपिंग चपटी दिसते, पलीकडे गेली तर गाठ राहते.